नऊचा रेशो, १.४ चा गॅमा आणि उष्णतेला मिळणारी वाट

प्रश्न: मी डिप्लोमा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑटो सायकलच्या सूत्रात फक्त कॉम्प्रेशन रेशो आणि गॅमा येतात, पेट्रोल किती जाळलं ते कुठेच नाही. असं कसं? माझ्या १०० सीसी गाडीचा रेशो ९ आहे, सूत्राने ५८ टक्के येतात, पण सर म्हणतात प्रत्यक्षात ३० सुद्धा मिळत नाहीत. मग गॅमा १.४ घ्यायचा की १.३? आणि हेड घासून रेशो १० केला तर मायलेज किती वाढेल?

मायलेजचं आधी सांगून टाकतो, कारण हेड घासायला देण्याआधी ते कळलेलं बरं. सगळं जमून आलं तर साधारण ३ टक्के. लिटरला ६० देणारी गाडी फार तर ६२ च्या आत-बाहेर जाईल. सिग्नल, टायरमधली हवा आणि चालवणाऱ्याचा हात यांनी रोज याहून जास्त फरक पडतो, त्यामुळे तो तुम्हाला रस्त्यावर जाणवणारही नाही. हा आकडा कुठून आला हे समजलं, की तुमच्या बाकीच्या शंकाही त्याच ओघात सुटतात.

मी बरीच वर्षं इंजिन टेस्टिंगचं काम केलं आहे, आता एका लॅबमध्ये मुलांकडून सिंगल सिलिंडर इंजिनवर रीडिंग घेऊन घेतो. दरवर्षी हा प्रश्न येतो. सूत्र पाठ असतं, ते सोडवलेलंही असतं, पण त्यात काय चाललंय हे हाताला लागलेलं नसतं. म्हणून तुमचंच इंजिन घेऊ. आपल्याकडच्या बऱ्याच १०० सीसी गाड्यांत बोअर ५० मिमी आणि स्ट्रोक ४९.५ मिमी असतो. तुमची थोडी वेगळी असेल तर आकडे बदलून घ्या.

बोअरचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर, स्ट्रोक ४.९५ सेंटिमीटर, म्हणजे पिस्टन ९७.२ सीसी जागा झाडतो. रेशो ९ म्हणजे पिस्टन तळाशी असतानाची एकूण जागा ही पिस्टन माथ्यावर असतानाच्या जागेच्या नऊपट. त्यामुळे वर उरणारी जागा ९७.२ भागिले ८, म्हणजे १२.१५ सीसी. अडीच चमचे पाणी मावेल एवढी. मुलं इथे ८ ऐवजी ९ ने भागतात, ती पहिली चूक. रेशो एकूण जागेचा असतो, झाडलेल्या जागेचा नव्हे.

ही १२ सीसी कागदावरून न घेता मोजून पाहा, मजा येते. हेड काढून उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर बसवलेले. कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन वर ॲक्रिलिकची पट्टी दाबायची, पट्टीला एक बारीक भोक. ब्युरेटमधून पातळ तेल त्या भोकातून सोडत राहायचं, शेवटचा बुडबुडा निघून गेला की ब्युरेट वाचायची. त्यात गॅस्केटच्या जाडीची जागा मिळवा, पिस्टनचा माथा फुगीर असेल तर तेवढं वजा करा, खोलगट असेल तर मिळवा. जुन्या इंजिनात कार्बन साचून अर्धा-पाऊण सीसी सहज कमी भरतो. ०.६ सीसी कमी भरला तर तुमचा ९ चा रेशो ९.४ झालेला असतो, कोणी हेडला हात न लावता.

आता सायकलकडे येऊ. आदर्श सायकलमध्ये चार टप्पे आहेत. हवा दाबली जाते आणि या टप्प्यात उष्णता आतही येत नाही, बाहेरही जात नाही. मग पिस्टन माथ्यावर थांबल्यासारखा धरून, जागा न बदलता उष्णता दिली जाते. मग हवा फुगते आणि पिस्टनला ढकलते. शेवटी पिस्टन तळाशी असताना, पुन्हा जागा न बदलता, उरलेली उष्णता काढून घेतली जाते. दाबताना आणि फुगताना जागेचं प्रमाण तेच आहे, ९ ला १. म्हणून दोन्ही वेळा तापमान एकाच पटीने बदलतं:

```
T2/T1 = T3/T4 = r^(γ-1)
η = 1 - (T4-T1)/(T3-T2) = 1 - 1/r^(γ-1)
```

रेशो ९ आणि गॅमा १.४ घेतला तर ती पट २.४०८ येते. आत घेतलेली हवा ३०० केल्विनला, म्हणजे २७ अंश सेल्सिअसला असेल, तर दाबून झाल्यावर ती ७२२ केल्विनला पोचते. आता तिला किलोमागे १००० किलोज्यूल उष्णता देऊ. हवेची स्थिर आकारमानाची विशिष्ट उष्णता ०.७१८ धरली, तर तापमान १३९३ ने वाढून २११५ होतं. फुगताना ते २.४०८ ने भागलं जातं आणि ८७८ वर येतं. टाकून दिलेली उष्णता ०.७१८ गुणिले ५७८, म्हणजे ४१५. उरलेले ५८५ किलोज्यूल कामाला आले. ५८.५ टक्के.

आता उष्णता दुप्पट करा, २०००. माथ्यावरचं तापमान ३५०८, फुगून झाल्यावर १४५७, टाकून दिलेली उष्णता ८३०, कामाला आलेली ११७०. पुन्हा ५८.५ टक्के. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करा.

पण असं का होतं? मी मुलांना सांगतो की दिलेल्या उष्णतेकडे एक गठ्ठा म्हणून पाहू नका. तिचे छोटे छोटे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला विचारा: तू आत आलास तेव्हा तुझ्यापुढे फुगायला किती वाट शिल्लक होती? एखादा तुकडा दिला तेव्हा गॅसची जागा V होती आणि तळाची जागा V1 आहे, तर त्या तुकड्याचा वाया जाणारा हिस्सा असा येतो:

```
वाया = (V/V1)^(γ-1)
```

तुकडा मोठा की लहान, त्याच्याआधी किती तुकडे आले, गॅस आधीच किती तापला होता, यांपैकी काहीच त्यात नाही. फक्त शिल्लक वाट आणि गॅमा. आदर्श सायकलमध्ये सगळे तुकडे माथ्यावरच दिले जातात, त्यामुळे प्रत्येकाला ९ पट वाट मिळते आणि प्रत्येकाचे ५८.५ टक्के कामाला येतात. पहिल्या तुकड्याचे तेवढे, शेवटच्याचेही तेवढेच. म्हणून पेट्रोल किती जाळलं ते सूत्रात येत नाही. जास्त जाळलं तर ताकद जास्त मिळते, टक्केवारी तीच राहते.

परीक्षेत हमखास दिसणारी एक चूक इथेच येते. मुलं सर्वांत थंड आणि सर्वांत गरम तापमान घेऊन कार्नोचं सूत्र लावतात, ३०० भागिले २११५, आणि ८६ टक्के लिहून मोकळी होतात. ऑटो सायकलची कार्यक्षमता ठरते ती दाबण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तापमानावरून, म्हणजे ३०० आणि ७२२ वरून. ज्वाला किती तापली याचा तिथे संबंध नाही.

तुकड्यांचा हा विचार सायकलच्या बाहेरही कामी येतो. खऱ्या इंजिनात पेट्रोल एका क्षणात जळत नाही. समजा काही भाग पिस्टन थोडा खाली सरकल्यावर, वरची जागा दुप्पट झाल्यावर जळला. तुमच्या इंजिनात वरची जागा दुप्पट व्हायला पिस्टन किती खाली यावा लागतो? १२.१५ सीसी भागिले १९.६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम ६ मिमी. जवळपास ५० मिमीच्या प्रवासातले फक्त ६. पण तिथे जळणाऱ्या तुकड्यापुढे ९ ऐवजी साडेचार पटच वाट उरली, आणि त्याची कार्यक्षमता ५८ वरून ४५ टक्क्यांवर आली. इग्निशन टायमिंग पाच-सात अंशांनी मागे गेलेल्या गाडीचं मायलेज का पडतं आणि सायलेन्सर का जास्त तापतो, याचं उत्तर याच हिशोबात आहे. पेट्रोल पूर्ण जळतंय, पण उशिरा जळतंय.

आता गॅमा. दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर ही व्याख्या तुम्हाला येतेच, पण तिने मनात चित्र उभं राहत नाही. असं पाहा: गॅसला दिलेली ऊर्जा दोन ठिकाणी जाते. एक भाग रेणूंच्या इकडून तिकडे धावण्यात जातो. तापमान आणि दाब म्हणून आपल्याला जो दिसतो, पिस्टन ढकलतो, तो हाच. दुसरा भाग रेणू स्वतःभोवती फिरण्यात आणि त्यांचे बंध कंप पावण्यात जातो. हा भाग पिस्टनला ढकलत नाही, रेणूंनी तो पोटात ठेवलेला असतो. पोटात ठेवायला जितकी जास्त जागा, तितका गॅमा १ च्या जवळ. आरगॉनसारख्या एकअणू वायूला पोटच नाही, त्याचा गॅमा १.६७. नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन अणूंचे, फिरू शकतात, त्यांचा १.४. पेट्रोलच्या वाफेचे रेणू लांबलचक, असंख्य तऱ्हेने वळवळणारे, त्यांचा जेमतेम १.०५.

सूत्रात गॅमा उणे १ हा घातांक आहे, म्हणजे त्याचा परिणाम रेशोच्या डोक्यावर बसलेला आहे. रेशो ९ ठेवून आरगॉन वापरता आला असता तर कार्यक्षमता ७७ टक्क्यांवर गेली असती. हा निव्वळ कागदी खेळ नाही, नायट्रोजनच्या जागी आरगॉन फिरवत ठेवून हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनांवर खरोखर संशोधन झालं आहे. आपल्या गाडीला मात्र रस्त्यावरची हवाच ओढायची आहे.

आणि ती हवा १.४ वर टिकत नाही. १.४ हा खोलीच्या तापमानाचा गॅमा. हवा तापली की नायट्रोजन-ऑक्सिजनचे बंध कंप पावायला लागतात, पोट वाढतं. १००० केल्विनला हवेचा गॅमा १.३४ च्या जवळ येतो, २००० ला १.३ च्या. त्यात पेट्रोलची वाफ मिसळलेली, ती आणखी खाली ओढते. जळून झाल्यावर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, दोन्ही तीन अणूंचे रेणू. त्या तापमानाला जळलेल्या गॅसचा गॅमा १.२५ च्या आसपास धरावा लागतो.

म्हणून १.४ की १.३, हे तुम्ही काय करताय त्यावर ठरेल. पेपरात 'एअर स्टँडर्ड' असं लिहिलं असेल तर १.४ घ्या, कारण तिथे सिलिंडरमध्ये थंड हवाच आहे असं मानून चाललोय. खऱ्या इंजिनाच्या जवळ जाणारा एकच आकडा हवा असेल तर मी १.३ घेतो. दाबतानाचा आणि फुगतानाचा गॅमा वेगळा असल्यामुळे कोणताही एक आकडा दोन्हीकडे बरोबर बसणार नाही, हे मनात ठेवून. १.३ ने तुमच्या इंजिनाची कार्यक्षमता ४८ टक्के येते. म्हणजे ५८ मधले दहा टक्के गाडीत काहीही बिघाड नसताना, काहीही न घासता, निव्वळ गॅसच्या स्वभावामुळे गेले.

एक तुलना करून पाहा, मला स्वतःला ती खूप उशिरा सुचली. गॅमा १.४ धरून रेशो ९ चा १० केला तर कार्यक्षमता ५८.५ ची ६०.२ होते, पावणेदोन टक्क्यांची वाढ. आणि रेशो ९ च ठेवून गॅमा १.४० चा १.३८ केला तर ती ५६.६ वर येते, जवळपास दोन टक्क्यांची घट. हेड घासून जे कमावलं ते गॅमा ०.०२ ने सरकला की गेलं. आपण सगळे रेशोवर बोलतो, कारण तो हाताने बदलता येतो. गॅमा मात्र गुपचूप काम करत असतो.

आता ४८ पासून ३० च्या खाली कसं येतो ते. इथे मी नेमके आकडे देणार नाही, ते इंजिनाचा वेग, थ्रॉटल आणि झीज यांवर फार बदलतात. क्रम सांगतो. सगळ्यात मोठी गळती भिंतींतून. गॅस दोन-अडीच हजार केल्विनला आणि सिलिंडरची भिंत दोनशे अंश सेल्सिअसच्या आत, त्यामुळे उष्णता सरळ फिन्सकडे पळते. लहान इंजिनात हे जास्त, कारण १२ सीसी गॅसला त्या मानाने भिंतींचं क्षेत्रफळ खूप मिळतं. मग जळायला लागणारा वेळ, तो वर सांगितला. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाशी पोचायच्या आधीच उघडतो, तिथे शेवटची वाट कापली जाते. हे सगळं मिळून ४८ चे चाळिशीच्या आत येतात. त्यातून पिस्टन रिंग, बेअरिंग, कॅम, ऑइल पंप यांचं घर्षण वजा. आणि शहरात तुम्ही गाडी पाव थ्रॉटलवर चालवता, तेव्हा अर्ध्या बंद वाटेतून हवा ओढण्यातच इंजिनाची ताकद जाते. पूर्ण थ्रॉटलला ३० च्या जवळ पोचणारं इंजिन गर्दीत २० च्याही खाली येऊ शकतं. तुमच्या सरांचं म्हणणं बरोबर आहे. पण सूत्रही चुकलेलं नाही. ते कमाल मर्यादा सांगतं, आणि रेशो बदलला तर कोणत्या दिशेला किती सरकेल ते सांगतं.

तो सरकण्याचा हिशोब तुमच्या हेडसाठी करू. रेशो १० साठी वरची जागा ९७.२ भागिले ९, म्हणजे १०.८ सीसी हवी. १.३५ सीसी कमी करायची. हेडमधली पोकळी कडेला बोअरएवढी रुंद आहे असं धरलं तर ०.६९ मिमी घासावं लागेल. कार्यक्षमता १.४ ने मोजली तर ५८.५ ची ६०.२ होते, १.३ ने मोजली तर ४८.३ ची ४९.९. दोन्हीकडे वाढीचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपासच येतं. गॅमा कोणता घ्यायचा याचा घोळ असला तरी दोन रेशोंची तुलना करताना सूत्र भरवशाचं का वाटतं, ते यावरून कळेल. आणि जसजसं वर जाल तसतसं फळ कमी. ६ चा ८ केला तर ५१ वरून ५६.५ वर जाता, १२ चा १४ केला तर ६३ वरून ६५ वर. दोन्ही वेळा रेशो दोननेच वाढलेला.

तोटा मात्र तसा कमी होत जात नाही. रेशो वाढवला की दाबलेल्या मिश्रणाचं तापमान वाढतं. १.४ ने मोजलं तर ७२२ चं ७५४ केल्विन. खरं मिश्रण त्याहून कमी तापतं, पण वाढ होतेच. ज्वाला पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटलं की नॉकिंग. आणि इथे एक गोष्ट सूत्रात दिसत नाही. आत येणाऱ्या हवेचं तापमान कार्यक्षमतेच्या सूत्रात नाही, पण नॉकिंगमध्ये आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे ४५ अंशांची हवा, म्हणजे ३१८ केल्विन, रेशो ९ च्या इंजिनात दाबली तर ७६६ वर जाते. म्हणजे पुण्याच्या सुखद सकाळी रेशो १० केलेल्या गाडीच्याही वर. तिकडे रेशो ९ चं इंजिन आधीच तुमच्या घासलेल्या इंजिनाच्या जागी उभं आहे. त्यावर आणखी घासायला जागा किती उरते ते पाहा.

मी हे स्वतःच्या गाडीवर केलंय. नोकरीची सुरुवात होती, अंगात उत्साह होता. लेथवर हेडचा १ मिमी काढला. हिशोबाने रेशो साडेदहा झाला होता, पण तो हिशोब मी नंतर केला. सपाट रस्त्यावर गाडी छान चालली, पिकअप जाणवायचा. खंबाटकी घाटात डबल सीट, तिसऱ्या गिअरमध्ये, वेग कमी आणि थ्रॉटल पूर्ण, तेव्हा पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज सुरू झाला. मी तो टॅपेटचा समजलो आणि दोन महिने तशीच चालवली. मग प्लग काढला, तर त्याच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरीच्या पुडीसारखे बारीक काळे आणि चमकणारे ठिपके. ते चमकणारे ठिपके ॲल्युमिनियमचे, पिस्टनवरून उडालेले. हेड उघडलं, तर पिस्टनच्या एका कडेला खसखशीएवढे खड्डे, वाळवीने खाल्ल्यासारखे. पिस्टन, रिंग, हेड, सगळं बदलावं लागलं. असा आवाज आला तर आधी प्लग काढून भिंगाखाली पाहा, टॅपेटकडे नंतर वळा.

नॉकिंग टाळायला कोणी टायमिंग मागे घ्यायला सांगेल. त्याने आवाज थांबेल, पण मग जळणं उशिरा होईल आणि त्या तुकड्यांना वाट कमी मिळेल. रेशोने कमावलेले तीन टक्के तिथे फेडले जातात. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकून नॉकिंग लांबवता येतं, पण ऑक्टेन स्वतः कार्यक्षमता देत नाही. वाढवलेला रेशो पेलायची मुभा तेवढी देतं. कारखान्यात ९ चा ठरवलेल्या इंजिनात महाग पेट्रोल टाकून मायलेज वाढत नाही, ते याचसाठी.

वर मी म्हटलं की पेट्रोल किती जाळलं ते सूत्रात येत नाही. आदर्श हवेसाठी ते खरं आहे. खऱ्या गॅससाठी ते मागच्या दाराने आत येतं, गॅमातून. मिश्रण थोडं पातळ ठेवलं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, तर गॅस कमी तापतो, त्यात तीन अणूंचे रेणू कमी असतात, लांबलचक वाफ कमी असते. तिन्ही कारणांनी गॅमा वर सरकतो. ०.०२ ची किंमत आपण पाहिलीच आहे. उलट चोक अर्धवट ओढून चालवली तर न जळलेलं पेट्रोल तर बाहेर जातंच, शिवाय आतल्या गॅसचा गॅमाही पडतो. पण पातळ करण्यालाही मर्यादा आहे. फार पातळ मिश्रण सावकाश जळतं, म्हणजे पुन्हा उशिराचे तुकडे, आणि आणखी पातळ केलं की अधूनमधून पेटतच नाही. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर हवेचा स्क्रू फिरवताना आयडलिंग अडखळायला लागलं की समजा, कड गाठली. तिथून थोडं मागे या.

शेवटचं, कॉम्प्रेशन गेजबद्दल, कारण ही चूक तुम्ही करणार असं मला वाटतंय. गॅरेजमध्ये प्लगच्या जागी गेज लावून किक मारली की तो समजा १२ किलो दाखवतो. त्यावरून 'माझा रेशो १२ आहे' असं म्हणणारे खूप भेटतात. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, तेव्हा खरा दाब १३ किलो, म्हणजे वातावरणाच्या साडेबारा पट. आणि दाब हा रेशोच्या पटीत वाढत नाही, रेशोच्या गॅमा घाताने वाढतो:

```
p2/p1 = r^γ
```

उलटं सोडवून, गॅमा १.३ धरून, रेशो ७ च्या आसपास येतो, ९ नाही आणि १२ तर नाहीच. ९ चा ७ का दिसला? इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन तळाशी पोचल्यावरही काही काळ उघडाच असतो, त्यामुळे दाबणं खरोखर सुरू होतं तेव्हा पिस्टन थोडा वर आलेला असतो. शिवाय किकच्या मंद वेगात रिंगांमधून गॅस निसटतो आणि थंड भिंतीला उष्णता जाते. म्हणून गेजचा आकडा रेशो काढायला वापरू नका. तो आज घेतलेला आकडा आणि सहा महिन्यांनी घेतलेला आकडा यांची तुलना करायला वापरा. दोन्ही वेळा इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, किक तेवढ्याच. आकडा पडलेला दिसला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. माझ्या मते तुमच्या मायलेजचा खरा शोध तिथून सुरू करावा. हेड मशिनवर चढवायच्या आधी ब्युरेटने सीसी मोजून इथे लिहा, कार्बन किती आणि रेशो किती ते आपण एकत्र काढू.